‘कधी निघेल’ आणि ‘निघालं की’: एका निरोपातलं विल

हे प्रकरण एका छोट्या इंग्रजी निरोपाचं आहे. नमुन्यादाखल ते रचलेलं आहे, पण त्यातली प्रत्येक चूक मराठी माणसं रोज लिहितात तशीच घेतली आहे. एक कारखाना परदेशातल्या पुरवठादाराकडून जड मशीन मागवतो. मशीन यायचं, पुरवठादाराच्या इंजिनिअरने ते तपासायचं, मग अहवालावर सही व्हायची आणि शेवटी पैसे सुटायचे, असा क्रम ठरलेला आहे. मशीन उतरवायला क्रेन लागणार, ती दहा दिवस आधी सांगून ठेवावी लागते. खरेदी पाहणारा माणूस पुरवठादाराला चार वाक्यांचा निरोप पाठवतो:

१. व्हेन द मशीन विल रीच अवर साइट, देन वी विल इन्फॉर्म यू.
२. आफ्टर युवर इंजिनिअर टेस्टेड इट, वी विल साइन द रिपोर्ट.
३. ॲज सून ॲज वी साइन द रिपोर्ट, वी रिलीज द पेमेंट.
४. प्लीज टेल अस व्हेन द मशीन विल लीव्ह युवर फॅक्टरी.

पुरवठादाराचं उत्तर चमत्कारिक येतं. पहिल्या वाक्याबद्दल तो काही म्हणत नाही. दुसऱ्याबद्दल विचारतो, की आमचा इंजिनिअर अजून तुमच्याकडे आलेलाच नाही, तर तुम्ही कोणत्या तपासणीबद्दल लिहिता आहात? तिसऱ्याबद्दल म्हणतो, की ही तुमची नेहमीची पद्धत झाली, या ऑर्डरचे पैसे तसेच देणार का, ते स्पष्ट लिहा. चौथं वाक्य त्याला बरोबर कळतं आणि तो मशीन निघण्याची अंदाजे तारीख देतो.

निरोप लिहिणारा हे उत्तर घेऊन इंग्रजी चांगलं असलेल्या सहकाऱ्याकडे जातो. सहकारी शाळेत शिकलेला नियम सांगतो, ‘व्हेन, आफ्टर, ॲज सून ॲज यांच्यानंतर विल येत नाही.’ निरोप त्या नियमाने दुरुस्त होतो आणि पुन्हा जातो. खरं नुकसान या दुसऱ्या निरोपाने होतं. त्याकडे येण्याआधी पहिल्या निरोपातल्या चुका नीट पाहायला हव्यात, कारण तिन्ही चुका एकाच नियमाच्या असल्या तरी त्यांची मुळं वेगवेगळी आहेत.

मराठी मनात काय होतं

लिहिणाऱ्याच्या मनात ही मराठी वाक्यं होती: ‘मशीन आमच्याकडे पोहोचेल तेव्हा आम्ही तुम्हाला कळवू.’ ‘तुमच्या इंजिनिअरने ते तपासलं की आम्ही अहवालावर सही करू.’ ‘सही झाली की लगेच पैसे सोडतो.’ ‘मशीन तुमच्या कारखान्यातून कधी निघेल ते कळवा.’ चारही वाक्यं निर्दोष मराठी आहेत. त्यांत क्रियापदांची रूपं वेगवेगळी आहेत आणि बहुतेक रूपं जशीच्या तशी इंग्रजीत उतरली आहेत.

पहिल्या वाक्यातलं ‘पोहोचेल’ हे भविष्यकाळाचं रूप. मराठीत ‘जेव्हा... तेव्हा’ची जोडी असली की दोन्हीकडे भविष्यकाळ चालतो. ‘जेव्हा येईल तेव्हा बघू’ हे आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो. इंग्रजीत तसं नाही. भविष्यातली गोष्ट व्हेन, आफ्टर, ॲज सून ॲज यांनी सुरू होणाऱ्या काळदर्शक गौणवाक्यात आली, तर तिथे वर्तमानकाळ लागतो आणि विल फक्त मुख्य वाक्यात राहतं. ‘व्हेन द मशीन रीचेस अवर साइट, वी विल इन्फॉर्म यू.’ वाक्य भविष्याबद्दल आहे हे मुख्य वाक्याने एकदा सांगितलं, गौणवाक्याने ते पुन्हा सांगायची गरज नाही.

यामागे आणखी एक कारण आहे आणि पुढच्या घोटाळ्यासाठी ते लक्षात ठेवायला हवं. विल लावून इंग्रजी बोलणारा काही तरी सांगतो, वर्तवतो किंवा कबूल करतो. ‘आम्ही कळवू’ ही कबुली आहे, म्हणून तिथे विल हवं. ‘मशीन पोहोचेल’ हे या वाक्यात कोणी वर्तवत नाही. मशीन पोहोचणारच असं धरून चाललो आहोत आणि त्या क्षणाला कळवण्याची खूण म्हणून वापरतो आहोत. धरून चाललेली गोष्ट इंग्रजी वर्तमानकाळात ठेवतं. हा सगळ्या भाषांना लागू पडणारा तर्क मात्र नव्हे. फ्रेंच भाषेत अशा जागी मराठीसारखाच भविष्यकाळ येतो. त्यामुळे ‘व्हेन... विल’ लिहिणाऱ्याच्या विचारात खोट नसते, फक्त इंग्रजीची रीत वेगळी असते.

या वाक्यात ‘देन’ही फाजील आहे. तो ‘तेव्हा’चा उतारा आहे. मराठीत ‘जेव्हा’ गाळून नुसत्या ‘तेव्हा’वर भागतं. इंग्रजीत उलट, व्हेन राहतो आणि देन जातो. पुरवठादार या वाक्यावर काही बोलला नाही, कारण अर्थ कळला होता. ही चूक इतकी टिकून राहते तीही याचमुळे: तिच्याने कामाचं काही अडत नाही, म्हणून ती कोणी दाखवत नाही.

‘आलोच’ म्हणणारा माणूस

दुसऱ्या वाक्याची गोष्ट जास्त रोचक आहे. ‘तपासलं की सही करू’ यातलं ‘तपासलं’ दिसायला भूतकाळ आहे, पण तपासणी अजून व्हायची आहे. मराठीत हे सर्रास चालतं. ‘तो आला की सांगतो’, ‘पाऊस थांबला की निघू’, ‘पैसे मिळाले की देईन’. घरातून अजून पाऊलही न काढलेला माणूस फोनवर ‘आलोच’ म्हणतो आणि ऐकणाऱ्याला त्यात खोटं वाटत नाही. हे ‘ल’चं रूप अशा वाक्यांत काल, आज, उद्या असं काही सांगत नाही. क्रिया पूर्ण होण्याचा टप्पा तेवढा दाखवतं. तो टप्पा मागे आहे की पुढे, हे उरलेल्या वाक्यावरून कळतं.

म्हणजे ‘की’च्या वाक्यात मराठीदेखील भविष्यकाळ टाळते. ‘तो येईल की सांगतो’ असं कोणी म्हणत नाही. इंग्रजीचा नियम मराठी माणसाला परका वाटतो, पण त्याचा चुलतभाऊ आपल्याच घरात आहे. फरक एवढाच, की मराठी तिथे ‘आला’ ठेवते आणि इंग्रजी ‘कम्स’.

हा फरक मात्र महागात पडतो. इंग्रजीतलं ‘टेस्टेड’ अशा जागी घडून गेलेल्या गोष्टीकडेच बोट दाखवतं. ‘आफ्टर युवर इंजिनिअर टेस्टेड इट’ वाचणाऱ्याला तपासणी उरकलेली दिसते. मग पुढचं ‘वी विल साइन’ त्याला जुळत नाही. पुरवठादार गोंधळला आणि त्याने विचारलं, हे त्याने बरोबरच केलं. विचारलं नसतं, तर आपला कोणी तरी माणूस परस्पर जाऊन मशीन तपासून आला, अशी समजूत करून घेतली असती.

दुरुस्त वाक्य दोन प्रकारे होतं: ‘आफ्टर युवर इंजिनिअर टेस्ट्स इट, वी विल साइन द रिपोर्ट’ किंवा ‘आफ्टर युवर इंजिनिअर हॅज टेस्टेड इट, वी विल साइन द रिपोर्ट’. दोन्ही बरोबर आहेत. इथे पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे हॅज टेस्टेड, जास्त नेमका आहे. तपासणीला वेळ लागतो आणि सही ती पुरी झाल्यावरच व्हायची, हे तो ठसवतो. आफ्टर असताना क्रम त्या शब्दातच येतो, त्यामुळे साध्या वर्तमानकाळानेही नुकसान होत नाही. पण तेच वाक्य व्हेन वापरून लिहिलं तर फरक पडतो. ‘व्हेन युवर इंजिनिअर टेस्ट्स इट, वी विल साइन’ याचा अर्थ तपासणी चालू असतानाच आम्ही सही करू, असा लागू शकतो. ‘व्हेन युवर इंजिनिअर हॅज टेस्टेड इट’ म्हटलं की तो मार्ग बंद होतो.

कुठे साधा आणि कुठे पूर्ण वर्तमानकाळ, हे ठरवायला मराठीतच एक चांगली खूण आहे. मनातल्या वाक्यात ‘तपासून झालं की’, ‘वाचून झालं की’, ‘लिहून झालं की’ असं म्हणावंसं वाटलं, तर इंग्रजीत पूर्ण वर्तमानकाळ घ्यावा. नुसतं ‘आलं की’, ‘मिळालं की’, ‘पोहोचलं की’ पुरत असेल, तर साधा वर्तमानकाळ पुरतो. येणं, मिळणं, पोहोचणं या क्षणात घडणाऱ्या क्रिया आहेत. त्या सुरू होऊन रेंगाळत नाहीत, म्हणून त्यांना ‘पूर्ण’ म्हणून वेगळं दाखवावं लागत नाही. ‘फिनिश’ या क्रियापदातच संपणं आहे, तेव्हा ‘व्हेन ही फिनिशेस’ एवढंच पुष्कळ झालं. ‘हॅज फिनिश्ड’ लिहिलं तरी चूक नाही.

‘करतो’ म्हणजे करीन

तिसऱ्या वाक्यात गौणवाक्य बरोबर आहे: ‘ॲज सून ॲज वी साइन द रिपोर्ट’. चूक मुख्य वाक्यात आहे. ‘सही झाली की पैसे सोडतो’ यातलं ‘सोडतो’ वर्तमानकाळी रूप असलं तरी ते वचन आहे. ‘पोहोचलो की फोन करतो’ हेही तसंच. मराठीत ‘करीन’पेक्षा ‘करतो’ अशा जागी जास्त आश्वासक वाटतं. जणू काम हातात घेतलंच आहे. इंग्रजीत मात्र दोन्ही बाजूंना साधा वर्तमानकाळ आला की वाक्य सवयीचं होतं. ‘ॲज सून ॲज वी साइन द रिपोर्ट, वी रिलीज द पेमेंट’ म्हणजे आमच्याकडे दर वेळी असं चालतं, सही झाली की पैसे सुटतात. आपल्या ‘पाऊस आला की छत्र्या बाहेर निघतात’ या वाक्याची ती जात आहे.

वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, म्हणून ही चूक सगळ्यात उशिरा सापडते. शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर सहसा तिच्याखाली रेघ ओढत नाही. पुरवठादाराने विचारलं ते यासाठीच, की त्याला पद्धत कळली, पण वचन मिळालं नाही. पैशांच्या बाबतीत हा फरक किरकोळ नाही. दुरुस्ती एका शब्दाची आहे: ‘वी विल रिलीज द पेमेंट’.

विल नसलेलं मुख्य वाक्य नेहमीच चुकीचं असतं असं नाही. ‘कॉल मी व्हेन यू रीच’ यात आज्ञार्थ आहे आणि तो भविष्याबद्दलच असतो. कॅन, मस्ट, शुड किंवा ‘गोइंग टू’ हेही मुख्य वाक्यात चालतात. पाहायचं एवढंच, की एकदाच घडणाऱ्या पुढच्या गोष्टीबद्दल बोलताना मुख्य वाक्य नुसत्या साध्या वर्तमानकाळात राहिलेलं नाही ना.

दुसरा निरोप

सहकाऱ्याच्या नियमाने आणि पुरवठादाराच्या प्रश्नांवरून दुरुस्त झालेला निरोप असा गेला:

१. व्हेन द मशीन रीच अवर साइट, वी विल इन्फॉर्म यू.
२. आफ्टर युवर इंजिनिअर हॅज टेस्टेड इट, वी विल साइन द रिपोर्ट.
३. ॲज सून ॲज वी साइन द रिपोर्ट, वी विल रिलीज द पेमेंट.
४. प्लीज टेल अस व्हेन द मशीन लीव्ह्ज युवर फॅक्टरी.

पहिल्या वाक्यात एक नवी चूक आली आहे. विल खोडलं आणि त्यामागचं ‘रीच’ तसंच राहिलं. कर्ता एकवचनी, तृतीय पुरुषी असल्यामुळे ‘रीचेस’ हवं होतं. विल काढणं हे काम अर्धंच असतं. ते काढल्यावर क्रियापदाला वर्तमानकाळाचं पूर्ण रूप द्यावं लागतं. विशेष त्रास ‘विल बी’मध्ये होतो. ‘व्हेन द रिपोर्ट विल बी रेडी’ यातून विल उडवून ‘व्हेन द रिपोर्ट बी रेडी’ लिहिलेलं आढळतं. तिथे ‘इज रेडी’ हवं. ‘विल हॅव’च्या जागी कर्त्याप्रमाणे हॅव किंवा हॅज, आणि ‘विल बी एबल टू’च्या जागी ‘इज एबल टू’ किंवा नुसतं कॅन.

दुसरं आणि तिसरं वाक्य सुधारलं. चौथं बिघडलं. चौथं वाक्य पहिल्या निरोपात बरोबर होतं, आणि नियमाने तेच मोडलं.

पुरवठादाराने ते वाचलं आणि त्याचा सरळ अर्थ घेतला: मशीन आमच्या कारखान्यातून निघालं की आम्हाला कळवा. आधी अंदाजे तारीख दिलेली होतीच, तेव्हा आता त्यांना प्रत्यक्ष निघाल्याचा निरोप हवा आहे, असं त्याला वाटलं. मशीन लवकर तयार झालं, तारीख अलीकडे आली, ट्रकवर चढलं आणि त्या संध्याकाळी पुरवठादाराने इमानदारीने कळवलं की मशीन निघालं. वाट पाच दिवसांची होती. क्रेनला दहा दिवस आधी सांगावं लागत होतं. मशीन दारात येऊन उभं राहिलं आणि उतरवायला काही नव्हतं.

यात पुरवठादाराची चूक नाही. ‘टेल अस व्हेन द मशीन लीव्ह्ज’ या शब्दांचा अर्थ ‘निघालं की सांगा’ असा अगदी सहज लागतो. ‘टेल अस व्हेन द मशीन विल लीव्ह’ याचा अर्थ ‘कधी निघणार ते सांगा’. दोन्ही वाक्यं व्याकरणाने शुद्ध आहेत आणि त्यांच्यात फरक एका विलचा आहे.

केव्हा आणि जेव्हा

सहकाऱ्याचा नियम खोटा नव्हता, अपुरा होता. व्हेन हा एक शब्द इंग्रजीत दोन वेगळी कामं करतो. एका कामात तो वेळेची खूण देतो: अमुक घडेल त्या वेळी तमुक करू. दुसऱ्या कामात तो प्रश्न विचारतो, मग तो प्रश्न सरळ असो की मोठ्या वाक्याच्या पोटात दडलेला: ते कधी घडेल? वर्तमानकाळाचा नियम फक्त पहिल्या कामाला लागू आहे.

विलबद्दल वर जे म्हटलं ते इथे उपयोगी पडतं. खुणेच्या वाक्यात घटना धरून चाललेली असते, म्हणून विल नको. प्रश्नाच्या वाक्यात घटनेची वेळ हीच तर माहीत नसलेली गोष्ट असते. ती कोणी तरी वर्तवायची आहे, सांगायची आहे. म्हणून तिथे भविष्याचं विल आपल्या जागी शोभतं. ‘वी डोन्ट नो व्हेन द मशीन विल अराइव्ह’, ‘आस्क हिम व्हेन ही विल कम’, ‘इट डिपेंड्स ऑन व्हेन दे विल फिनिश’ ही सगळी दुसऱ्या जातीची.

मराठी बोलणाऱ्याला हा भेद कोणी शिकवावा लागत नाही, कारण मराठीत दोन कामांना दोन शब्द आहेत. खुणेला ‘जेव्हा’, प्रश्नाला ‘केव्हा’ किंवा ‘कधी’. ‘मशीन जेव्हा निघेल ते कळवा’ असं आपण म्हणणार नाही आणि ‘मशीन केव्हा निघेल तेव्हा कळवा’ असंही नाही. म्हणून ‘व्हेन नंतर विल नको’ हा नियम पाठ करण्यापेक्षा मराठी वाक्य मनात म्हणून पाहणं जास्त भरवशाचं आहे. त्यात ‘कधी’ किंवा ‘केव्हा’ आलं, तर भविष्यासाठी विल ठेवावं. ‘जेव्हा’, ‘तेव्हा’, ‘की’, ‘-ल्यावर’, ‘-ताच’ आलं, तर गौणवाक्यात वर्तमानकाळ घ्यावा. ‘मशीन कधी निघेल ते कळवा’ यात ‘कधी’ आहे, म्हणून विल. ‘मशीन निघालं की कळवा’ यात ‘की’ आहे, म्हणून ‘लीव्ह्ज’.

इंग्रजी बाजूनेही ताळा घेता येतो. व्हेनच्या जागी ‘ऑन व्हॉट डेट’ घालून वाक्य वाचावं. अर्थ तोच राहिला, तर तो प्रश्न आहे. त्याऐवजी ‘वन्स’ बसत असेल, तर ती खूण आहे. ‘टेल अस ऑन व्हॉट डेट द मशीन विल लीव्ह’ म्हणजे हवं तेच. ‘टेल अस वन्स द मशीन लीव्ह्ज’ म्हणजे क्रेन न आलेला दिवस.

आफ्टर आणि ॲज सून ॲज यांच्याबाबत हा गोंधळ होत नाही, कारण ते प्रश्न विचारत नाहीत. त्यांच्यामागे काळदर्शक वाक्य आलं की वर्तमानकाळ, मग तो साधा असो वा पूर्ण, एवढं पुरतं. आफ्टरनंतर वाक्याऐवजी नुसतं नाम किंवा आयएनजी लागलेलं रूपही येऊ शकतं, जसं ‘आफ्टर टेस्टिंग द मशीन’. तिथे काळाचा प्रश्नच उरत नाही. पण तपासणारा आणि सही करणारा एकच असेल तरच ते वापरावं. आपल्या निरोपात तपासणारा त्यांचा इंजिनिअर आहे आणि सही आपली. ‘आफ्टर टेस्टिंग द मशीन, वी विल साइन’ लिहिलं, तर तपासणीही आपल्याच गळ्यात पडते.

मराठी खूण कुठे फसते

‘जेव्हा-केव्हा’ची कसोटी बहुतेक ठिकाणी चालते, पण दोन जागी सांभाळावं लागतं.

पहिली जागा अशी. तारीख किंवा दिवस सांगून झाल्यावर स्वल्पविरामानंतर व्हेन आला, तर तो त्या दिवसाची जास्तीची माहिती देत असतो: ‘द टेस्ट इज ऑन मंडे, व्हेन युवर इंजिनिअर विल बी हिअर.’ मराठीत इथे ‘सोमवारी, जेव्हा तुमचा इंजिनिअर इथे असेल’ असं म्हणता येतं. कसोटी ‘जेव्हा’ पाहून वर्तमानकाळ सांगेल, पण इंग्रजीत विल योग्य आहे. कारण वर आलंच आहे. खूण सोमवारने दिली आहे, आणि इंजिनिअर असेल ही नव्याने सांगितलेली गोष्ट आहे. स्वल्पविराम आणि त्याच्या आधीची तारीख, या दोन्ही दिसल्या की थांबून पाहावं.

दुसरी जागा सांगितलेल्या गोष्टीची. पुरवठादार म्हणाला होता, की मशीन निघालं की कळवीन. हे नंतर अहवालात लिहिताना ‘ही सेड ही वुड इन्फॉर्म अस व्हेन द मशीन लेफ्ट’ असं होतं. विलचं वुड झालं आणि गौणवाक्यातला वर्तमानकाळ भूतकाळात गेला. इथे ‘व्हेन द मशीन वुड लीव्ह’ लिहिणं ही मूळ चुकीचीच नवी आवृत्ती. ‘निघालं की’ आणि ‘लेफ्ट’ यांची रूपं या एका जागी योगायोगाने जुळतात, म्हणून ‘निघालं की’ मनात धरणारा मराठी माणूस इथे सहसा चुकत नाही.

तिसरा निरोप

शेवटी कामाचा ठरलेला मजकूर असा:

१. प्लीज टेल अस, ॲट लीस्ट टेन डेज इन ॲडव्हान्स, ऑन व्हॉट डेट द मशीन विल लीव्ह युवर फॅक्टरी.
२. प्लीज सेंड अस अ सेकंड मेसेज ॲज सून ॲज इट लीव्ह्ज.
३. व्हेन द मशीन रीचेस अवर साइट, वी विल इन्फॉर्म यू.
४. आफ्टर युवर इंजिनिअर हॅज टेस्टेड इट, वी विल साइन द रिपोर्ट.
५. ॲज सून ॲज वी साइन द रिपोर्ट, वी विल रिलीज द पेमेंट.

पहिल्या दोन वाक्यांत जुन्या चौथ्या वाक्याचे दोन्ही अर्थ वेगळे काढून मांडले आहेत, कारण कारखान्याला दोन्ही हवे होते: आधी तारीख, मग निघाल्याची बातमी. पहिल्यात व्हेनऐवजी मुद्दाम ‘ऑन व्हॉट डेट’ आहे. व्हेन ठेवून विल लिहिलं असतं तरी वाक्य बरोबरच झालं असतं, पण ज्या जागी एका शब्दावर क्रेन अवलंबून आहे, तिथे दोन अर्थ लागू शकणारा शब्द न ठेवलेला बरा. दुसऱ्या वाक्यात व्हेनच्या जागी ॲज सून ॲज घेतलं आहे. त्याला प्रश्नाचा अर्थ लागतच नाही, शिवाय ‘लगेच’ही त्यात आलं.

वाक्यांचा क्रमही बदलला आहे. पुरवठादाराने आधी करायच्या गोष्टी वर आल्या, आपली कबुली खाली. गौणवाक्य आधी आलं तिथे त्याच्यानंतर स्वल्पविराम आहे. ते नंतर आलं तिथे, दुसऱ्या वाक्यात, स्वल्पविराम लागत नाही.

पाचव्या वाक्यात ‘साइन’ साधा वर्तमानकाळ आहे आणि चौथ्यात ‘हॅज टेस्टेड’ पूर्ण. सही क्षणात होते, तपासणीला दिवस लागतो. ‘ॲज सून ॲज वी हॅव साइन्ड’ही चाललं असतं. पण चौथ्यात ‘हॅज टेस्टेड’चं ‘टेस्टेड’ करून मागे जायचं नाही. पुरवठादाराने पहिला प्रश्न विचारला होता तो तिथेच.